लांब उतारावर ब्रेक मंदावतो आणि सकाळी पुन्हा नीट लागतो: डिस्क आणि ड्रममधला दोष कसा ओळखावा

घाट उतरताना पहिले चार-पाच किलोमीटर ब्रेक व्यवस्थित लागतो, मग त्याचा जोर कमी होत जातो आणि पायथ्याशी पोहोचेपर्यंत पेडलवरचा भरवसा उडालेला असतो. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात नेली की तोच ब्रेक नव्यासारखा लागतो, मेकॅनिकला दोष सापडत नाही, फार तर पॅड बदलले जातात आणि पुढच्या घाटात तोच अनुभव पुन्हा येतो. अशा गाड्या मी अनेक वर्षे दुरुस्त करत आलो आहे. हा दोष उष्णतेचा असतो आणि गाडी थंड झाली की तो लपतो, म्हणूनच तो परत परत येतो. डिस्क आणि ड्रम हे दोन्ही ब्रेक तापल्यावर मंदावतात, ज्याला गॅरेजात ‘फेड’ म्हणतात, पण दोघांची मंदावण्याची रीत वेगळी आहे. हा फरक चालकाच्या पायाला स्पष्ट जाणवतो, त्यामुळे तपासणीची सुरुवात पायाला काय जाणवले होते इथूनच करावी.

लक्षणे

पहिल्या प्रकारात पेडल घट्ट असते. पाय नेहमीच्या उंचीवर थांबतो, कितीही जोर लावला तरी पेडल खाली जात नाही, पण गाडी थांबत नाही, आणि सोबत जळका, उग्र वास येतो. याचा अर्थ ऑइलचा दाब चाकापर्यंत पोहोचतो आहे, मात्र डिस्कला घासणारे पॅड किंवा ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरचे लायनर घर्षण देत नाही. अति तापल्यावर त्यातील चिकट द्रव्य विघटित होऊन वायू सुटतो, आणि पॅड व डिस्क यांच्यामधली पकड सैल पडते.

दुसऱ्या प्रकारात पेडल स्पंजासारखे मऊ लागते आणि तळापर्यंत जाते. येथे घर्षणाची तक्रार नसते, ब्रेक ऑइल उकळलेले असते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पायाचा सगळा जोर वाफेचे बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रव होते आणि सकाळी पेडल पूर्ववत होते. हा प्रकार डिस्कमध्ये अधिक आढळतो, कारण पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन थेट पॅडच्या पाठीला टेकलेला असतो आणि उष्णता त्यातून सरळ ऑइलपर्यंत जाते. ड्रममध्ये शू ढकलणारा व्हील सिलिंडर घर्षणाच्या जागेपासून काहीसा दूर असतो.

तिसऱ्या प्रकारात पेडल मऊ नसते, पण खूप खोल जाते, आणि लगेच दुसऱ्यांदा दाबले तर वर येते. ही खूण प्रामुख्याने ड्रमची आहे. ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो, म्हणजे तो शूपासून दूर सरकतो. २०० मिलिमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम २५० अंशांनी अधिक तापला, तर त्याचा व्यास सुमारे अर्ध्या मिलिमीटरने वाढतो. शू आणि ड्रम यांच्यातील मूळ अंतरच काही दशांश मिलिमीटर असते, त्यामुळे हा अर्धा मिलिमीटर पायाला पुष्कळ खोल जाणवतो. डिस्कमध्ये उलट घडते: ती तापून जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच वाढते, आणि पेडलचा प्रवास वाढत नाही.

दोष चालू उतारावर जाणवला तर

गिअर खालचा टाकावा, गाडी न्यूट्रलमध्ये कधीही जाऊ देऊ नये. पेडल तळाला जात असेल तर ते भराभर दाबावे-सोडावे, कारण त्याने काही दाब परत तयार होतो. हँडब्रेक हळूहळू, बटण दाबून धरूनच ओढावा. बहुतेक मोटारींमध्ये तो केबलवर चालतो, त्यामुळे ऑइल उकळले तरी तो काम करतो, मात्र झटक्याने ओढल्यास मागची चाके अडकून गाडी फिरते. ज्या गाड्यांत हँडब्रेकऐवजी विद्युत बटण आहे, त्यात ते कसे वापरावे हे गाडीच्या पुस्तिकेत आधीच वाचून ठेवावे.

गाडी थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर किंवा ड्रमवर पाणी ओतू नये, त्याने धातूला तडा जाऊ शकतो. चाकाला ओट लावून आणि गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक सोडलेला ठेवावा, कारण आवळलेल्या स्थितीत थंड होणारा ड्रम आकसून शूवर घट्ट बसू शकतो. चाकाजवळ हात नेल्यावर धग लागणे थांबेपर्यंत पुढे निघू नये.

पहिली तपासणी: उतरण्याची पद्धत

हिला एक पैसाही लागत नाही, आणि निम्म्याहून अधिक वेळा मला उत्तर येथेच मिळाले आहे. सुमारे १,२०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली येते, तेव्हा जवळपास ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबवायला सुमारे ६० हजार ज्यूल लागतात. म्हणजे तो एक उतार म्हणजे सुमारे शंभर वेळा गाडी थांबवण्याइतके काम होय, आणि मध्ये थंड व्हायला उसंत नसते. यातील काही भाग टायर आणि हवेचा अवरोध खातो. उरलेला भाग इंजिनाने खायचा की ब्रेकने, हे चालकाने निवडलेल्या गिअरवर ठरते.

चौथ्या गिअरमध्ये सतत पाय ठेवून उतरल्यास जवळपास सगळा भार ब्रेकवर येतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी ओढून धरते आणि ब्रेक वळणापुरता लागतो. इंधन वाचावे म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो की इंधन-इंजेक्शन असलेल्या इंजिनात गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तर इंधनाचा पुरवठाच थांबतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते.

पेडलवर हलका पाय ठेवून सतत घासत राहण्यापेक्षा थोडा वेळ नीट दाबून वेग कमी करावा आणि मग पेडल पूर्ण सोडावे. या सोडलेल्या वेळाचा डिस्कला सर्वाधिक फायदा होतो. तिच्या दोन्ही बाजू हवेला उघड्या असतात, आणि पोकळ डिस्क असेल तर आतील पात्या पंख्याप्रमाणे हवा मधून बाहेर फेकतात. ड्रममध्ये उष्णता आतल्या पृष्ठभागावर तयार होते आणि धातूच्या जाडीतून पार होऊन बाहेरच्या अंगाला आल्याशिवाय तिला हवा भेटत नाही, म्हणून ड्रम सावकाश थंड होतो.

दुसरी तपासणी: ब्रेक ऑइल

बॉनेट उघडून ऑइलची पातळी आणि रंग पाहावा आणि ते शेवटचे कधी बदलले याची नोंद शोधावी. रंगापेक्षा नोंद महत्त्वाची आहे, कारण हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि तो डोळ्यांना दिसत नाही. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, मात्र वजनाच्या सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर तो १५५ इतका खाली येऊ शकतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. म्हणजे जुने डॉट ४ नव्या डॉट ३ पेक्षाही लवकर उकळते. वर्षानुवर्षे केवळ वरून ऑइल भरत राहिल्याने हे सुधारत नाही, कारण कॅलिपरजवळचे, म्हणजे सर्वाधिक तापणारे ऑइल तसेच जुने राहते.

पेडल मऊ पडण्याची तक्रार असेल आणि ऑइलला दोन वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर पुढची कोणतीही तपासणी करण्याआधी ते पूर्ण बदलावे. टाकीच्या झाकणावर लिहिलेला दर्जाच वापरावा. सिलिकॉनवर आधारित डॉट ५ नेहमीच्या ऑइलमध्ये कधीही मिसळू नये. पातळी खाली गेलेली दिसली तर पॅड झिजले आहेत किंवा गळती आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसल्यास येथेच थांबावे आणि गाडी चालवून नव्हे, उचलून गॅरेजात न्यावी.

तिसरी तपासणी: घट्ट पेडलमागे बूस्टर तर नाही?

पेडल घट्ट असून ब्रेक लागत नाही, हे लक्षण पायाच्या जोराला मदत करणारा व्हॅक्यूम बूस्टर निकामी झाल्यावरही दिसते, आणि या गोंधळात अनेक चांगले पॅड विनाकारण बदलले जातात. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, ते कडक होईल. मग ते दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली सरकले तर बूस्टर काम करतो आहे. जागचे हलले नाही, तर दोष उष्णतेचा नसून बूस्टरचा किंवा त्याच्या नळीचा आहे, आणि तो थंड गाडीतही सापडतो. दाबून धरलेले पेडल थंड स्थितीतही हळूहळू तळाला जात असेल, तर बाहेर गळती नसताना पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरचे आतील सील गेलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

चौथी तपासणी: चारही चाकांचे तापमान

दूरवरून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड तापमापक हे या कामातील सर्वांत उपयोगी साधन आहे. सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे, शक्य तितका कमी ब्रेक वापरून गाडी चालवावी, थांबल्याबरोबर चारही चाकांच्या डिस्क आणि ड्रम मोजावेत आणि डाव्या-उजव्याची तुलना करावी. चकचकीत धातूवर हा तापमापक खरे तापमान न दाखवता कमी दाखवतो, म्हणून दोन्ही बाजूंना अगदी एकाच जागी, शक्यतो गंजलेल्या किंवा काळपट भागावर नेम धरावा. आकडा स्वतः किती आहे याला फारसे महत्त्व नाही, फरकाला आहे. पुढची चाके मागच्यापेक्षा गरम असणे स्वाभाविक आहे, कारण ब्रेक लावताना वजन पुढे झुकते आणि थांबवण्याचे बहुतांश काम पुढची चाके करतात. मात्र पुढच्याच दोन चाकांत पन्नास अंशांचा फरक असेल, तर गरम बाजूचा ब्रेक सुटत नाही.

असे चाक घाटाच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत आधीच तापलेले असते. उतार सुरू होतो तेव्हा उष्णता सामावून घेण्याची त्याची निम्मी क्षमता संपलेली असते. नवे पॅड किंवा नवे ऑइल घालून हा दोष जात नाही, फक्त दोन-तीन किलोमीटर पुढे ढकलला जातो.

पाचवी तपासणी: चाक काढून डिस्क आणि कॅलिपर

गाडी सपाट जागी, ओट लावून आणि जॅकसोबत मजबूत स्टँडवर उभी असेल तरच हे काम करावे. आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी वेगवेगळी मोजावी. पिस्टनकडील पॅड खूप झिजलेले आणि बाहेरचे जाड असेल, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना अडकल्या आहेत. पिन बाहेर काढली की ती कोरडी, गंजाने तांबूस झालेली आणि रबरी टोपी फाटलेली आढळते. ती साफ करून ब्रेकसाठीचे उष्णतारोधक ग्रीस लावावे. साधे ग्रीस रबर फुगवते आणि थोड्याच दिवसांत पिन पुन्हा अडकते.

पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चमकत असेल तर तो अति तापून गुळगुळीत झाला आहे, आणि तो बदलणेच योग्य. डिस्कवर निळसर पट्टे अति उष्णता दाखवतात. नखाला लागणारी किंवा कडेपर्यंत पोहोचलेली भेग असेल, तर त्या डिस्कवर गाडी चालवू नये. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. पातळ झालेली डिस्क दिसायला चांगली असली तरी तिच्यात उष्णता साठवणारा धातूच कमी उरलेला असतो, त्यामुळे ती लवकर तापते.

नवे पॅड बसवल्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा, मध्ये थंड होऊ देऊन, पूर्ण न थांबता वेग कमी करावा, किंवा पॅड बनवणाऱ्याने सांगितलेली पद्धत पाळावी. न रुळवलेले पॅड घेऊन थेट घाटात गेल्यास पहिल्याच तापात त्यांतून वायू सुटतो.

सहावी तपासणी: ड्रम उघडणे

डिस्कचे पॅड चाकाच्या फटीतून मिनिटभरात दिसतात. ड्रम मात्र उघडल्याशिवाय काहीच दाखवत नाही, म्हणून त्याची देखभाल वर्षानुवर्षे राहून जाते. लायनर जास्त टिकतात ही ड्रमची खरी जमेची बाजू आहे, पण तीच या दुर्लक्षाला कारणीभूत होते.

उघडण्यापूर्वी एक सोपी खूण पाहावी: हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर येऊ लागला असेल, तर लायनर झिजले आहेत, केबल ताणली आहे किंवा शूचे अंतर राखणारा स्वयंचलित अ‍ॅडजस्टर अडकला आहे. अडकलेल्या अ‍ॅडजस्टरमुळे शू आधीच ड्रमपासून दूर असतात, त्यात ड्रम तापून आणखी दूर गेला की पेडल खोल जाते. उलट कोणी केबल ओढून हँडब्रेक ‘घट्ट’ करून दिला असेल, तर शू कायम घासत राहतात आणि ड्रम सपाट रस्त्यावरही तापतो. म्हणून आधी शूचे अंतर नीट करावे, केबलला हात त्यानंतरच लावावा.

ड्रममधील धूळ फुंकू नये किंवा हवेच्या दाबाने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ती पुसून घ्यावी. ड्रमचा कमाल व्यास त्याच्यावर कोरलेला असतो, त्यापलीकडे तो कातून वापरू नये. व्हील सिलिंडरची रबरी टोपी हलकेच उचलून आत ओल आहे का ते पाहावे. लायनरला ऑइल लागले असेल तर ते पुसून काम भागत नाही, दोन्ही बाजूंचे शू बदलावेत.

ड्रमची आणखी एक गोष्ट माहीत असावी. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे कमी जोरात जास्त ब्रेक लागतो. मात्र घर्षण घटले की ही मदतही सोबत घटते. घर्षण चतुर्थांशाने कमी झाले तर डिस्कचा जोर साधारण चतुर्थांशानेच कमी होतो, तर अशा शूचा जोर रचनेनुसार तिसऱ्या हिश्शापर्यंत किंवा त्याहूनही अधिक घटतो. त्यामुळे ड्रम मंदावतो तो एकाएकी मंदावल्यासारखा वाटतो. हलक्या गाडीच्या मागच्या चाकांना ड्रम पुरेसा आहे, असे माझे मत आहे, कारण तेथे काम कमी आणि हँडब्रेक सोपा. मागे डिस्क बसवून घेण्याचा सल्ला मी देत नाही, कारण पुढच्या-मागच्या ब्रेकचे निर्मात्याने ठरवलेले प्रमाण त्याने बिघडू शकते.

एक गाडी, दोन दोष

पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेली एक छोटी गाडी माझ्याकडे आली. उताराच्या शेवटच्या दोन किलोमीटरांत तिचे पेडल मऊ पडत असे. दुसऱ्या एका ठिकाणी पॅड दोनदा बदलून झाले होते. पेडल मऊ पडत होते, त्यामुळे दोष ऑइलमध्ये असणार हे उघड होते, आणि ते चार वर्षे बदललेले नव्हते. ऑइल बदलल्यावर मालक पुन्हा तो उतार उतरून आले आणि म्हणाले, “बरंच बरं आहे, पण अगदी खाली पोचल्यावर अजून जरा मऊ लागतं.” येथे मी समाधान मानले असते, तर गाडी वर्षभरात परत आली असती.

सपाट रस्त्यावर फेरी मारून मोजले, तेव्हा पुढची डावी डिस्क ८८ अंश आणि उजवी १७१ अंश निघाली. उजव्या कॅलिपरची खालची पिन हाताने हलत नव्हती. आतले पॅड ४ मिलिमीटर आणि बाहेरचे ९ मिलिमीटर उरले होते. दोन वेळा पॅड बदलताना कॅलिपर खालच्या पिनवर फिरवून उघडला गेला असावा, त्यामुळे खालच्या पिनला ग्रीस लावण्याचे राहून गेले. पिन व टोपी बदलली, पुढचे चारही पॅड नवे घातले आणि ते रुळवले. नंतरच्या फेरीत दोन्ही बाजूंत नऊ अंशांचा फरक राहिला.

कोठे थांबावे

ऑइलची पातळी, बूस्टर, तापमान आणि पॅडची जाडी ही तपासणी वाहनमालकाने स्वतः करायला हरकत नाही. ऑइलची कोणतीही जोडणी उघडावी लागणार असेल, किंवा गाडीला एबीएस असून त्याच्या यंत्रात हवा शिरल्याची शंका असेल, तर काम जाणकाराकडे सोपवावे, कारण अनेक गाड्यांत ती हवा काढण्यासाठी संगणकीय उपकरणाने आतील झडपा उघडाव्या लागतात. मास्टर सिलिंडर, बूस्टर, कॅलिपरचा अडकलेला पिस्टन आणि तडा गेलेली डिस्क किंवा ड्रम हीही घरी करण्याची कामे नाहीत. आणि वरील सर्व तपासणी निर्दोष निघूनही उतारावर पेडल एकदा जरी तळाला गेले असेल, तर कारण सापडेपर्यंत ती गाडी उतारावर नेऊ नये. गॅरेजात ती देताना ‘ब्रेक लागत नाही’ एवढेच न सांगता पेडल घट्ट होते, मऊ होते की खोल गेले, आणि उताराच्या कितव्या किलोमीटरला, हे लिहून द्यावे.